साइटवरची उन्हाची नोटीस: वेळा, सुट्टी आणि पाणी नेमके कसे ठरवायचे

माझी पहिली नोटीस चार ओळींची होती. "उष्णतेच्या लाटेमुळे कामाची वेळ सकाळी ६ ते ११ व दुपारी ४ ते ७ राहील. सर्वांनी भरपूर पाणी प्यावे. डोक्याला कपडा बांधावा. आदेशावरून." साइट ऑफिसच्या काचेवर चिकटवली, फोटो काढून मुख्य कार्यालयाला पाठवला आणि काम झाले असे समजलो. तिसऱ्या दिवशी दुपारी एकला वर गेलो तर प्लास्टरची पार्टी बाहेरच्या पायाडावर उभी. मिस्त्रीला विचारले, तर थापी न थांबवता म्हणाला, "साहेब, थांबलो तर फुटाचे पैसे कोण देणार?"

त्या नोटिशीत वेळ होती, पण पैसे नव्हते. पाणी प्या म्हटले होते, पण पाणी कुठे ठेवले आहे ते नव्हते. आणि थांबा म्हणायचा अधिकार कोणाला, हेही नव्हते. त्यानंतर विदर्भातल्या साइटवर अशा बऱ्याच नोटिसा लिहिल्या. अनुभव असा, की वेळेचा तक्ता हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. तो पाळला जाईल की नाही हे बाकीच्या तीन गोष्टींवर ठरते.

एक साइट डोळ्यांसमोर ठेवू. नागपूरच्या हद्दीजवळ चार मजली इमारत, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. कामावर ४० माणसे: १४ जणांची प्लास्टरची पार्टी, चौरस फुटावर, ८ सळईवाले, वजनावर, १२ हेल्पर आणि ६ रेजा, रोजाच्या हजेरीवर. यातली १८ माणसे साइटवरच्याच पत्र्याच्या खोल्यांत राहतात, बाकीची सायकलने किंवा ऑटोने येतात. नोटीस लिहिण्याआधी एवढी माहिती कागदावर पाहिजेच. कोण कशावर काम करतो आणि रात्री कुठे झोपतो, हे कळल्याशिवाय वेळा ठरवू नयेत.

नोटीस कोणत्या दिवशी लागू होणार?

"उष्णतेची लाट जाहीर झाल्यास" असे लिहिले की विदर्भात गडबड होते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश पाहिजे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त पाहिजे. नाहीतर पारा थेट ४५ गाठला पाहिजे. मेअखेर नागपूरची सरासरीच ४२-४३ असते. म्हणजे ४४ अंशांचा दिवस व्याख्येप्रमाणे 'लाट' नाही, पण पायाडावरच्या माणसाला त्याने काय फरक पडतो? म्हणून लाट या शब्दावर नोटीस टांगू नका. आकडा लिहा.

मी दोनच पायऱ्या ठेवतो. तीन-चार केल्या की मुकादमाच्या लक्षात राहत नाहीत. दुसऱ्या दिवसाचा अंदाज ४० ते ४२ असेल किंवा पिवळा इशारा असेल तर पहिली पायरी. अंदाज ४३ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा नारंगी अथवा लाल इशारा असेल, तर दुसरी. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज संध्याकाळी पाहायचा आणि सहापर्यंत साइट इंजिनियरने मुकादमांच्या व्हॉट्सअॅप गटात एक ओळ टाकायची: "उद्या दुसरी पायरी, हजेरी साडेपाच." सकाळी उठून ठरवले तर माणसे आधीच निघालेली असतात.

किनारपट्टीवर हे आकडे तसेच उचलू नका. हवेत दमटपणा असला की घाम येतो पण सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचे प्राण गेले, तेव्हा जवळच्या हवामान केंद्रावर पारा ३८ च्या आसपासच होता. कोकण, मुंबई, गोव्याच्या साइटवर ३६-३७ लाच दुसरी पायरी लावावी. खात्याची किनारपट्टीची व्याख्याही ३७ पासूनच सुरू होते.

साइटवर स्वतःचा थर्मामीटर असावा. तो सावलीत, छातीच्या उंचीवर, हवा खेळती असेल अशा ठिकाणी टांगा. एकदा मी तो ऑफिसच्या पत्र्याच्या भिंतीवर लावला होता. सकाळी नऊला ४९ दाखवू लागला आणि मग कोणी त्याच्याकडे बघेनासे झाले.

वेळा: सकाळ-संध्याकाळ दोन तुकडे का नकोत

सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ ते ७, हा सगळ्यांना सुचणारा तक्ता. आठ तास भरतात, दुपार टळते. कागदावर सुंदर दिसतो, पण त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला कायद्याचा. पहिल्या हजेरीपासून शेवटच्या सुट्टीपर्यंतचा, मधल्या विश्रांतीसह धरलेला पूर्ण काळ किती असावा याला मर्यादा असते. केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम कामगार नियमांत ती १२ तासांची होती. सहा ते सात म्हणजे १३ तास झाले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या आहेत, त्यात दिवसाचे काम आठ तासांचे. एकूण पसाऱ्याची मर्यादा आपल्या राज्यात सध्या काय आहे ते नोटिशीवर सही करण्याआधी कामगार सल्लागाराकडून लेखी घ्या.

दुसरा खड्डा उन्हाचा. दिवसातले सर्वांत जास्त तापमान बाराला नसते, ते अडीच ते चारच्या दरम्यान असते. चार वाजता काम सुरू करणे म्हणजे माणसाला जवळजवळ भट्टीच्या तोंडाशीच उभे करणे. दिवसभर तापलेल्या भिंती आणि स्लॅब तेव्हा वरून आणखी धग टाकत असतात.

तिसरा खड्डा मला सगळ्यात उशिरा कळला. ११ ते ४ माणूस जातो कुठे? सायकलवर दहा किलोमीटर आलेला माणूस घरी जाऊन परत येत नाही. साइटवर राहणारा पत्र्याच्या खोलीत जातो, आणि ती खोली दुपारी बाहेरच्या उन्हापेक्षा वाईट असते. पाच तास त्या पत्र्याखाली पडून चार वाजता तो ताजा नव्हे, शिजून बाहेर येतो.

म्हणून एकच सलग पाळी, आणि ती लवकर. नागपुरात मेअखेर सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, मुंबईत सहाच्या सुमारास. हा अर्धा तास पूर्वेकडच्या जिल्ह्यांना फुकट मिळालेला आहे, तो वापरावा. आमच्या साइटचा दुसऱ्या पायरीचा दिवस असा बसतो. साडेपाचला हजेरी आणि पहिला ग्लास पाणी. पावणेआठपर्यंत काम, यात सगळ्यात जड आणि सगळ्यात उघड्यावरचे काम उरकायचे: वरची सळई, पश्चिमेकडचे बाहेरचे प्लास्टर, विटा वर चढवणे. पावणेआठ ते सव्वाआठ न्याहारी. मग साडेनऊपर्यंत काम आणि पंधरा मिनिटे सावली. साडेदहापर्यंत काम आणि पुन्हा पंधरा मिनिटे सावली. साडेअकराला उघड्यावरचे सगळे काम बंद. पुढचा अर्धा तास तळमजल्यावर हत्यारे धुणे, माल मोजणे, उद्याची तयारी. बाराला सुट्टी. पहिल्या पायरीच्या दिवशी उघडे काम साडेबारापर्यंत आणि छताखालचे दीडपर्यंत चालते, सावलीची सुट्टी दर तासाला कायम.

साडेपाचच्या सुरुवातीला दोन अडचणी येतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. वस्तीतल्या साइटवर सहाच्या आत मिक्सर, ब्रेकर, कटर सुरू केले तर शेजारी तक्रार करतील आणि ती खरी असेल. तो अर्धा तास हजेरी, माल वर नेणे, सळई बांधणे, क्युरिंग अशा बिनआवाजाच्या कामांत घालवा. दुसरे म्हणजे बाया. सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर बोलवायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. त्यातच घरचा स्वयंपाक, पाणी, मुले. आम्ही रेजांना सहाची हजेरी ठेवली आणि त्यांचा रोज कापायचा नाही असे नोटिशीत स्पष्ट लिहिले. नाही लिहिले, तर पहिल्याच शनिवारी मुकादम अर्ध्या तासाचे पैसे कापतो.

सुट्टीचे पैसे: नोटिशीचा खरा मजकूर

मालकाचा प्रश्न ठरलेला असतो. साडेसहा तासांना आठ तासांचा रोज का द्यायचा? माझे उत्तरही ठरलेले आहे. मागच्या वर्षीचे मे महिन्याचे मोजमाप काढा आणि दुपारी बारा ते पाचमध्ये खरोखर किती काम झाले ते पहा. माणूस उभा असतो, पण हात चालत नाही. प्लास्टर भिंतीवर लागते आणि पाणी उडून गेल्यामुळे तडकते, मग पुन्हा फोडावे लागते. त्या पाच तासांत फार काही मिळत नसते. हा हिशेब आपल्याच साइटच्या आकड्यांत दाखवला की वाद लवकर मिटतो.

रोजावरच्या माणसासाठी एकच वाक्य पुरते: "बदललेल्या वेळेत काम केल्यास पूर्ण हजेरी धरली जाईल." अर्धी किंवा पाऊण हजेरीची पळवाट ठेवू नका.

फुटावरच्या पार्टीचे तसे नाही. तिला सुट्टी म्हणजे तोटाच. ती सावलीत बसेल अशी अपेक्षा करायची तर तोटा भरून द्यावा लागतो. सोपी पद्धत अशी: एप्रिलच्या साध्या पंधरवड्यातली रोजची सरासरी काढा. समजा एका मिस्त्रीची ती १०० फूट आहे. दुसऱ्या पायरीच्या दिवशी त्याने ८० फूट केले, तर २० फुटांचा फरक 'उष्णता भरपाई' म्हणून बिलात वेगळ्या ओळीत टाकायचा. ६० च्या खाली गेले तर कारण बघायचे: माल आला नव्हता का, की माणूस आजारी आहे. ही ओळ ठेकेदाराशी बोलून, त्याची सही घेऊन आधीच ठरवा. आमच्याकडे ज्या दिवशी ती नोटिशीत आली, त्या दिवसापासून साडेनऊची शिट्टी झाली की थाप्या खाली ठेवल्या जाऊ लागल्या. त्याआधी मी दोन आठवडे ओरडत होतो.

सुट्टी म्हणजे सावली, आणि सावली म्हणजे काय हेही लिहा. २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत दुपारी भिंतीला सावलीच नसते. माणसे भिंतीला टेकून उन्हातच बसतात. डोक्यावर छत पाहिजे, आणि ते पत्र्याचे नको. आपल्याच इमारतीचा तळमजला उत्तम, वर तीन-चार स्लॅब असतात. तिथे चटया आणि एक डेझर्ट कूलर. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो. नुसता पंखा ४० च्या वर गरम हवाच अंगावर फेकतो. पंखाच असेल तर गमछा ओला करून अंगावर घ्यायला सांगा. साइटवर राहणाऱ्या अठरा जणांना दुपारभर हीच जागा खुली ठेवायची, हेही नोटिशीत पाहिजे, नाहीतर वॉचमन बाराला कुलूप लावतो.

पाणी: किती, कुठे, आणि कोण भरणार

"भरपूर पाणी" हे माप नव्हे. कष्टाच्या कामाला दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. आमच्या साइटला ४० माणसे, साडेसहा तास, तासाला एक लिटर: २६० लिटर, म्हणजे २० लिटरचे १३ जार. दोन जास्तीचे धरून १५. साइटवर राहणाऱ्यांच्या दुपार-संध्याकाळसाठी आणखी ५. रोज २० जारची ऑर्डर, आणि पहिले दहा साडेपाचच्या आधी आलेले हवेत. जारवाला साधारण नऊनंतर येतो, त्याच्याशी हे आधी बोला. नाहीतर आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा.

वरची मर्यादाही आहे. तासाला दीड लिटरच्या वर पाणी ढोसू नये, रक्तातले मीठ पातळ होते आणि डोके दुखणे, मळमळ सुरू होते. ते उन्हाचेच लक्षण वाटून माणूस आणखी पाणी पितो. म्हणून दोन तास घाम गाळल्यानंतर नुसत्या पाण्याबरोबर मीठही द्या. साडेनऊ आणि साडेदहाच्या सुट्टीत एकेक ग्लास ओआरएस किंवा मीठ घातलेला मठ्ठा. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच घोळायचे, पाकिटावर लिहिलेले माप बदलायचे नाही, आणि सकाळचे उरलेले दुसऱ्या दिवशी वापरायचे नाही. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधे घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरला विचारून घ्यावे. कैरीचे पन्हे चांगलेच, आणि खिशातला कांदाही राहू द्या, त्याने नुकसान नाही. फक्त खिशात कांदा आहे म्हणून कोणी ग्लास चुकवू नये.

जागा तितकीच महत्त्वाची. पाणी तळमजल्यावर आणि काम तिसऱ्यावर असेल तर माणूस तहान मारतो. आम्ही तीन ठिकाणे केली: तळमजला, दुसरा मजला, आणि ज्या मजल्यावर त्या दिवशी उघडे काम आहे तिथे. प्रत्येक ठिकाणी माठ आणि तोटी. कोरड्या हवेत माठ बर्फाशिवाय पाणी चांगले गार करतो. कोकणात माठाचा तेवढा उपयोग होत नाही, तिथे बंद कूल-जग वापरा. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातच एक साधी गोष्ट सांगितलेली होती: पिण्याच्या पाण्याच्या जागेवर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' लिहिलेले हवे, आणि ती जागा धुण्याच्या जागेपासून, मुतारी-संडासापासून सहा मीटर लांब हवी. ही पाटी शोभेची नाही. क्युरिंगच्या टँकरचे पाणी निळ्या ड्रमात भरलेले असते, आणि तहानलेला माणूस जवळचा ड्रम बघतो. क्युरिंगच्या ड्रमांवर लाल रंगाने फुली मारा.

पाणी भरायला एक माणूस नेमा, त्याच्या नावाने. त्याची पूर्ण हजेरी, दुसरे काम नाही. "हेल्पर भरतील" म्हटले की दहा वाजता माठ कोरडा असतो. आमच्या पाणीवाल्याकडे एक वही होती: कोणत्या मजल्यावर किती वाजता किती जार चढला. त्या वहीनेच एकदा मला सांगितले की दुसऱ्या मजल्यावरचे पाणी संपतच नाही. तिथे रेजा होत्या. त्या पाणी पीत नव्हत्या, कारण बायांचा संडास मागच्या गेटजवळ होता, दाराला कडी नव्हती आणि जायचे तर सळईवाल्यांच्या समोरून. दाराला कडी बसवली, वाटेला हिरवी जाळी लावली, तेव्हा तिथला माठ रिकामा व्हायला लागला. पाण्याच्या कलमाखाली संडासाचे कलम असलेच पाहिजे.

नवीन आलेले आणि लग्नाहून परतलेले

उन्हाचा फटका बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच बसतो. शरीराला उष्णतेत काम करायची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि आठवडाभर गावी राहिले की ती बरीच उतरते. मे महिना म्हणजे लग्नसराई. बालाघाट, छत्तीसगडकडची माणसे आठ-दहा दिवस गावी जाऊन येतात आणि गेलेला रोज भरून काढायला पहिल्याच दिवशी दुप्पट जोर लावतात. अमेरिकेतली नायोश ही संस्था यासाठी सोपे प्रमाण सांगते. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या २० टक्केच काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. जुना माणूस परत आला तर ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. आमच्या तक्त्यात उघड्यावरचे काम पाच तासांच्या आसपास आहे, म्हणजे नव्याला पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन. उरलेला वेळ छताखाली, रोज पूर्ण. हजेरी पुस्तकात त्याच्या नावापुढे पाच दिवस 'नवा' असा शिक्का मारा. मुकादमाला तोंडी सांगितलेले टिकत नाही.

थांबवायचे कोणी

नोटिशीत दोन नावे हवीत, एक साइट इंजिनियरचे आणि एक मुकादमाचे, आणि "यांपैकी कोणीही काम थांबवू शकेल, त्यासाठी वर विचारण्याची गरज नाही" हे वाक्य. कामगारालाही तोच हक्क: चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले तर न विचारता सावलीत जाता येईल आणि हजेरी कापली जाणार नाही.

बोलणे बरळल्यासारखे झाले, माणूस भलतेच उत्तर देऊ लागला, तोल जाऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजायचा. अंग कोरडेच असेल असे नाही. कष्ट करणाऱ्याला उष्माघातातही घाम येत असतो, आणि "घाम येतोय म्हणजे ठीक आहे" या समजुतीत वेळ जातो. एकाने १०८ ला फोन करायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्यांनी गार करायला लागायचे. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत रहा, वारा घाला, मान-काखा-जांघेत बर्फ किंवा गार ओले फडके ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काही करत नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवायचे नाही, म्हणून तळमजल्यावर २०० लिटरचा एक ड्रम आणि थर्मोकोलच्या पेटीत बर्फ फक्त याच कामासाठी राखून ठेवा.

नोटिशीचा नमुना

ही आम्ही वापरलेल्या नोटिशीची सुधारलेली प्रत आहे. गाळलेल्या जागा आपल्या साइटप्रमाणे भरा.

> सूचना
> दिनांक: ……  साइट: ……
> विषय: उन्हाळ्यातील कामाच्या वेळा, सुट्टी व पिण्याचे पाणी
>
> साइटवरील सर्व कामगार, मुकादम, ठेकेदार व कर्मचारी यांना कळविण्यात येते की दि. …… पासून पुढील सूचनेपर्यंत खालील व्यवस्था लागू राहील.
>
> १. दुसऱ्या दिवशीची वेळ आदल्या संध्याकाळी ६ वाजेपर्यंत कळवली जाईल. ४० ते ४२ अंश किंवा पिवळा इशारा: हजेरी ५.३०, उघड्यावरचे काम १२.३० ला बंद, सुट्टी १.३०. ४३ अंश व त्यापुढे, किंवा नारंगी/लाल इशारा: हजेरी ५.३०, उघड्यावरचे काम ११.३० ला बंद, सुट्टी १२.००. महिला कामगारांची हजेरी ६ वाजता.
>
> २. न्याहारी ७.४५ ते ८.१५. त्यानंतर दर तासाला १५ मिनिटे तळमजल्यावर सावलीत सुट्टी. शिट्टी झाल्यावर सर्वांनी काम थांबवायचे आहे.
>
> ३. वरील वेळेत काम केलेल्यांची पूर्ण हजेरी धरली जाईल. सुट्टीचे, किंवा तब्येतीमुळे सावलीत बसल्याचे पैसे कापले जाणार नाहीत. मापावर काम करणाऱ्यांना ठेकेदाराशी ठरल्याप्रमाणे उष्णता भरपाई मिळेल.
>
> ४. पिण्याचे पाणी तळमजला, दुसरा मजला व कामाच्या मजल्यावर ठेवले आहे. पाणी भरण्याची जबाबदारी श्री. …… यांची. दर २० मिनिटांनी एक ग्लास पाणी प्यावे. दोन्ही सुट्ट्यांत ओआरएस किंवा मठ्ठा मिळेल. लाल फुलीच्या ड्रममधील पाणी पिऊ नये.
>
> ५. महिलांसाठी स्वतंत्र संडास …… येथे आहे. कडी, पाणी किंवा दिवा नसल्यास …… यांना सांगावे.
>
> ६. नवीन आलेल्या, किंवा आठवड्याहून अधिक सुट्टीनंतर परतलेल्या कामगारांना सुरुवातीचे दिवस उन्हात कमी काम दिले जाईल. हजेरी पूर्ण राहील.
>
> ७. श्री. …… व मुकादम श्री. …… यांपैकी कोणीही काम थांबवू शकेल. चक्कर, उलटी, गोळे आल्यास लगेच सावलीत जावे. कोणी बरळल्यास किंवा कोसळल्यास १०८ ला फोन करावा व अंगावर पाणी ओतावे.
>
> ८. तळमजल्यावरील विश्रांतीची जागा साइटवर राहणाऱ्यांसाठी व ऊन उतरेपर्यंत थांबणाऱ्यांसाठी संध्याकाळपर्यंत खुली राहील.
>
> सही, नाव, हुद्दा, फोन ……

हीच नोटीस हिंदीत, मोठ्या अक्षरांत, हजेरीच्या जागी लावा. ऑफिसच्या काचेवर तिला फक्त इंजिनियर वाचतात. पहिले तीन दिवस हजेरीला मुकादमाने ती मोठ्याने वाचायची. तिसरे कलम दोनदा.

स्लॅबचा दिवस

हा तक्ता हमखास मोडतो तो स्लॅब टाकायच्या दिवशी. काँक्रीट मध्येच थांबवता येत नाही, सांधा कच्चा राहतो. सकाळी आठला पहिली आरएमसीची गाडी यायची, तिला वाटेत उशीर, पंप तुंबतो, आणि दोन वाजता वीस माणसे तापलेल्या शटरिंगवर उभी. म्हणून नोटिशीच्या जोडीला ठेकेदाराला वेगळे पत्र द्या: या काळात स्लॅब संध्याकाळी सहानंतर सुरू होईल किंवा सकाळी असा सुरू होईल की दहाला संपेल, आणि स्लॅब तेवढ्या वेळात संपणारा नसेल तर बांधकामाचा सांधा कुठे घ्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून आधी ठरवून घ्या. रात्रीच्या कामाला परवानगी, दिवे आणि दुसऱ्या दिवशी त्या टोळीला सुट्टी लागते. काँक्रीटलाही हे सोयीचे आहे. आयएस ७८६१ मध्ये उष्ण हवामानातल्या काँक्रीटसाठी ४० अंशांची जी रेघ आहे, ती नागपुरात भर दुपारी सांभाळायला बर्फाचे पाणी लागते. उपाय एवढे करूनही दुपार गाठलीच, तर दोन टोळ्या ठेवा आणि वीस-वीस मिनिटांनी बदला. एकाच टोळीला "जरा अर्धा तास आणखी" म्हणू नका. तो अर्धा तास मी कधी अर्ध्या तासात संपलेला पाहिला नाही.

नोटीस कधी मागे घ्यायची

जूनच्या सुरुवातीला वळवाचा एक शिडकावा झाला की मालकाचा फोन येतो, "आता जुन्या वेळा लावा." वेळा हळूहळू बदलता येतात, पण सुट्टी आणि पाण्याचे कलम तेव्हा काढू नका. शिडकाव्यानंतर पारा ३८ वर उतरतो आणि हवा दमट होते. कूलर चालेनासा होतो, माठ गार करत नाही, घाम अंगावर तसाच राहतो. आम्ही वेळा पूर्ववत केल्या तरी दर तासाची सावली आणि ओआरएस पाऊस स्थिरावेपर्यंत, विदर्भात साधारण जूनच्या मध्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे, चालू ठेवतो. मागे घेतानाही तारीख घालून लेखी सूचना काढा, आणि दोन्ही कागद पाणीवाल्याच्या वहीसह त्या महिन्याच्या हजेरी पुस्तकातच लावून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये जारची ऑर्डर देताना पहिल्यांदा तीच वही उघडावी लागते.